जमा कोणाची, नावे कोणाचे?

व्यापाऱ्याच्या वहीत बँक हे ऋणको असते. बँकेत भरलेली रक्कम बँकेकडून येणे असल्याने ती बँकखात्याच्या नावे पडते. बँकेच्या वहीत मात्र व्यापारी धनको असतो, म्हणून तीच रक्कम तेथे त्याच्या जमेस दिसते. व्यवहार एकच, दोन्ही नोंदी खऱ्या, केवळ दृष्टी वेगळी. बँक ताळमेळाच्या अहवालात हा भेद विसरला की घोळ सुरू होतो.

उदाहरणादाखल, धान्याच्या एका पेढीवर ३१ मार्चला वहीप्रमाणे बँकेतील शिल्लक ४,८०,००० रुपये होती आणि बँकेच्या उताऱ्यावर ५,७०,००० रुपये. फरक ९०,००० रुपयांचा.

प्रथम तारखांचा विचार करावा. २९ मार्चला पुरवठादारास दिलेला ६०,००० रुपयांचा चेक बँकेत ३ एप्रिलला वटला. ३१ मार्चच्या सायंकाळी भरलेला १८,००० रुपयांचा चेक, १ एप्रिलला बँक ग्राहकांसाठी बंद असल्याने, २ एप्रिलला जमा झाला. अहवाल तारीख व रक्कम जुळवतो, म्हणून या दोन्ही नोंदी न जुळलेल्या राहिल्या. त्या चुका नव्हेत. पहिल्या चेकमुळे बँकेची शिल्लक ६०,००० रुपयांनी अधिक आणि दुसऱ्यामुळे १८,००० रुपयांनी कमी दिसते, म्हणजे ४२,००० रुपयांचा उलगडा झाला. अशा वेळी व्हाउचरची मूळ तारीख बदलू नये. वटल्याची तारीख बँक दिनांकाच्या रकान्यात लिहावी. मात्र चेकची मुदत तीन महिन्यांची असते. त्यानंतरही न वटलेला चेक वहीत तसाच ठेवू नये. पुरवठादाराकडे चौकशी करून नोंद उलटवावी.

आता ४८,००० रुपये उरले. त्या रकमेची नोंद ना वहीत, ना उताऱ्यावर. अनुभवी मुनीम येथे फरकाचे दोन भाग करून पाहतो. २४,००० रुपयांची नोंद सापडली: एका गिऱ्हाइकाने एनईएफटीने पाठवलेली रक्कम. उताऱ्यावर ‘क्रेडिट’ पाहून नवख्या कारकुनाने वहीतही बँकखाते क्रेडिट केले, म्हणजे आलेला पैसा गेलेला ठरला. नोंद उलटी पडली की फरक नेहमी रकमेच्या दुप्पट पडतो. हीच तिची खूण.

हा फरक ‘सस्पेन्स’ खात्यात ढकलला असता, तर कागदावर ताळमेळ बसला असता. पण गिऱ्हाइकाचे खाते तसेच चुकीचे राहिले असते. त्याच्या जमेस पडावयाचे २४,००० रुपये त्याच्या नावे पडल्याने त्याच्याकडून ४८,००० रुपये अधिक येणे दिसत होते. पैसे चुकते केलेल्या माणसाच्या दारी वसुलीची चिठ्ठी गेली असती.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी उताऱ्यातील जमा-नावे आपल्या वहीच्या बाजूने उलटून वाचावे, मग तारखांमुळे उरलेल्या नोंदींची यादी करावी आणि तरीही फरक राहिल्यास त्याच्या निम्म्या रकमेचा शोध घ्यावा.