‘फानी’चे सहा दिवस, ‘निसर्ग’चा एक

एका वाचकबाईंचा या आठवड्यात फोन आला. दिवाळीसाठी दिवेआगरला चार खोल्या घेतलेल्या, निम्मे पैसे आगाऊ दिलेले आणि अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी. टीव्हीवर लाल बाण कोकणात घुसतोय, मागे ढोल वाजतायत. होमस्टेवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, ‘काही होत नाही ताई, या तुम्ही. आणि रद्द करायचं असेल तर सात दिवस आधी कळवायचं होतं.’

त्या सात दिवसांच्या अटीनं माझं डोकं फिरलं.

अट कुणी बनवली ठाऊक नाही, पण ती बनवणाऱ्यानं अरबी समुद्र पाहिलेला नसावा. ‘निसर्ग’चं उदाहरण घ्या. ३१ मे २०२० ला, रविवारी, समुद्रात नुसता कमी दाब होता. सोमवारी पहाटे त्याचा डिप्रेशन झाला. मंगळवारी दुपारी त्याला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं आणि बुधवारी, ३ जूनला, भर दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलंसुद्धा. नाव मिळाल्यापासून दारात येईपर्यंत जेमतेम एक दिवस. सात दिवस आधी रद्द करायला तेव्हा रद्द करण्यासारखं काही जन्मालाच आलं नव्हतं.

आता ओडिशाचं ‘फानी’. त्याला २७ एप्रिल २०१९ लाच नाव मिळालं होतं. विषुववृत्ताच्या बाजूला, श्रीलंकेच्याही पलीकडे जन्मलेलं ते वादळ बंगालचा उपसागर चढत ३ मेच्या सकाळी पुरीला धडकलं. म्हणजे सहा दिवस. प्रशासनानं पर्यटकांना २ मेच्या संध्याकाळपर्यंत पुरी सोडायला सांगितलं, रेल्वेनं विशेष गाड्या सोडल्या, राज्यानं बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली. १९९९ च्या महावादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली होती. त्यानंतर ओडिशानं किनाऱ्यावर निवारा केंद्रं बांधली आणि दरवर्षी सराव केला.

लोक ही तुलना करून ‘ओडिशाकडून शिका’ म्हणतात. शिकावंच, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. ज्यांना सहा दिवस मिळतात त्यांची तालीम झालेली आहे. ज्यांना एक दिवस मिळू शकतो, त्या आपली झालेलीच नाही. ‘निसर्ग’ आलं तेव्हा लॉकडाऊन होता. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासत गुजरातेत गेलं, तेव्हाही निर्बंध होते. कोकणातली होमस्टे दोन्ही वेळा जवळपास रिकामी होती. भरलेल्या दिवेआगरातून, भरलेल्या तारकर्लीतून शेकडो गाड्या एकाच दुपारी बाहेर काढायची वेळ या दोन्ही खेपांना आलीच नाही. कोरोनानं आपली परीक्षा पुढे ढकलली आणि आपण पास झालो असं समजून बसलो.

ही परीक्षा दिवाळीतही येऊ शकते. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाच्या आधीचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. ‘क्यार’ २०१९ च्या ऐन दिवाळीत आलं होतं आणि वाट ओमानची धरूनही त्यानं मालवणाकडच्या किनाऱ्यावर पाणी चढवलं.

बाईंना मी विचारलं, ‘बातमी कुठली?’ म्हणाल्या, ‘रेड अलर्ट आहे.’ इथंच बहुतेकांची गफलत होते. जिल्ह्यावर येणारा लाल-केशरी रंग बहुधा पावसाचा असतो. वादळाच्या पायऱ्या वेगळ्या. धोका सुरू होण्याच्या सुमारे ४८ तास आधी ‘सायक्लोन अलर्ट’, २४ तास आधी ‘सायक्लोन वॉर्निंग’. बातमीत यातलं काही नसेल, नुसता कमी दाब असेल, तर बॅग भरून ठेवावी आणि हवामान खात्याचं पत्रक सकाळ-संध्याकाळ वाचावं.

पत्रकाच्या नकाशात मधली रेघ सगळे बघतात. बघायचा असतो तिच्याभोवतीचा फुगत जाणारा पट्टा, कारण केंद्र त्यात कुठेही जाऊ शकतं. ‘निसर्ग’च्या वेळी १ जून २०२० ला खात्यानं सांगितलं होतं, हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान. म्हणजे अडीचशेहून अधिक किलोमीटर. दिवेआगर त्या टापूच्या अगदी दक्षिण टोकाला. तिथं कुणी पर्यटक असता तर म्हणाला असता, आपण कडेला आहोत, मुंबईकरांचं काही खरं नाही. प्रत्यक्षात मुंबई वाचली आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पट्ट्यात आहात म्हणजे आहात, मग मध्यावर असा की कडेला.

समजा, त्या सोमवारी तुम्ही दिवेआगरात असता. निघायचं कधी? मंगळवारी सकाळी, वादळाला नाव मिळायच्याही आधी. बुधवारी सकाळी उशीर झालेला असता. केंद्र दुपारी येणार असलं तरी वारा आधी येतो, आणि वाड्यांमधल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी गडगे आणि वर माड. एक झाड पडलं की रस्ता संपला. वीज गेली, मोबाइल गेला. फोनवरचा नकाशा कदाचित दिघी-आगरदांडा फेरीबोटीनं मुरूडकडे काढेल, पण बंदरात बावटा लागला की फेरीबोट बंद. म्हणून बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव हा रस्ता आल्याच दिवशी उजेडी बघून ठेवायचा. टाकी भरलेली, थोडी रोकड जवळ. आणि माणगावला पोचल्यावर पुणेकरांनी त्याच रात्री ताम्हिणी चढायची घाई करू नये. वाऱ्यापासून सुटून दरडीखाली जाण्यात काय शहाणपण? आतल्या गावात पक्क्या इमारतीत एक रात्र काढावी.

नेहमीच्या वाचकांना वाटलं असेल, आज ‘सी टच’ राहिलं. नाही राहिलं. वाळूच्या टेकाडावरची सुरूची झाडं तोडून, तिथं काचेच्या खोल्या बांधून, त्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्यांबद्दल माझं मत तेच आहे. ‘सी टच’मध्ये कोण कुणाला टच करणार हे समुद्र ठरवतो. खोली गावठाणात घ्या, किनाऱ्यापर्यंत दहा मिनिटं चाला, बायपास सर्जरी टळेल. (याला पुरावा नाही. माझा अनुभव आहे.)

राहिले पैसे. रेल्वेनं गाडीच रद्द केली तर भाडं पूर्ण परत मिळतं, आपण घाबरून तिकीट रद्द केलं तर कापलं जातं. खोलीचं मात्र बोलण्यावर असतं. होमस्टेवालाही गरीब माणूस, त्याची पोफळ पुन्हा फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात. त्याच्याकडे परतावा मागण्यापेक्षा तारीख मागा. आणि अट दिवसांची घालू नका, घटनेची घाला. जिल्ह्याला सायक्लोन अलर्ट लागला किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला, तर आगाऊ रक्कम पुढच्या सहा महिन्यांत कधीही वापरता येईल. पैसे देण्याआधी हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं.

बाईंनी संध्याकाळी पुन्हा फोन केला. मालक तयार झाले होते म्हणे, फक्त सहाऐवजी तीन महिने म्हणाले. मी विचारलं, खोली कुठे आहे? ‘अगदी सी टच,’ बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

— वाटसरू