विश्लेषण : थकलेल्या भाड्याची नोटीस आली, म्हणजे गाळा गेला का?

नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत दुकान भाड्याने असलेल्या व्यापाऱ्याला वकिलामार्फत नोटीस येते. त्यात बहुतेक वेळा दोन वाक्ये एकाला एक लागून असतात. ‘आपणाकडे इतक्या महिन्यांचे भाडे थकले आहे, ते भरावे’ हे पहिले आणि ‘या नोटिशीने आपला भाडेकरार संपुष्टात आणत आहोत, गाळा खाली करून द्यावा’ हे दुसरे. भाडेकरू घाबरतो तो दुसऱ्या वाक्याला आणि जागामालकाचा भरवसाही त्यावरच असतो. कायद्याचे सगळे लक्ष मात्र पहिल्या वाक्याकडे आहे. दोघांच्याही चुका इथूनच सुरू होतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तो फक्त राहत्या घरांपुरता नाही. लागू असलेल्या क्षेत्रात दुकान, गोदाम, कारखान्याची शेड यांनाही तो संरक्षण देतो. त्याच्या कलम १५ मध्ये म्हटले आहे की, भाडेकरू प्रमाण भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ भरत असेल किंवा भरायला तयार असेल, तोवर थकबाकीच्या कारणावरून मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा असेल, तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती भाडेकरूला मिळाल्यापासून ९० दिवस थांबावे लागते.

मग ‘करार संपुष्टात’ या वाक्याचे काय? १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने धनपाल चेट्टियार प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली करार संपवल्याची वेगळी नोटीस देण्याची गरज नाही, असे पीठाने सांगितले. कारण करार संपवला तरी भाडेकरूचे संरक्षण संपत नाही. जागा परत मिळते ती भाडे कायद्यातील एखादे कारण सिद्ध झाल्यावर, न्यायालयाच्या हुकमानेच. म्हणून नोटिशीत ते वाक्य असले तरी बिघडत नाही, पण त्याने गाळा खाली होत नाही. मागणीचे वाक्य नसले किंवा मोघम असले, तर मात्र मालकाचा दावा सुरुवातीलाच लंगडा होतो. दर काय, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे भाडे, वाढ किती, कराची रक्कम किती, हे सुटे सुटे लिहिलेले असले पाहिजे.

९० दिवस कोणत्या तारखेपासून?

एक उदाहरण घेऊ. तारखा आणि रकमा हिशेब समजावा म्हणून घेतल्या आहेत. नवी पेठेतील एका गाळ्याचे भाडे दरमहा ८,००० रुपये, महिना संपल्यावर देय. जानेवारी ते ऑक्टोबर २०२५ असे दहा महिन्यांचे ८०,००० रुपये थकले. मालकाच्या वकिलाने नोटिशीवर ५ नोव्हेंबर २०२५ ही तारीख घातली. टपाल भाडेकरूच्या हाती पडले १० नोव्हेंबरला.

मोजणी १० नोव्हेंबरपासून होते. तो दिवस सोडून ९० दिवस मोजले, की ८ फेब्रुवारी २०२६ येते. दावा दाखल करता येतो तो ९ फेब्रुवारीपासून. मालकाने नोटिशीवरच्या तारखेपासून मोजले, तर त्याचे ९० दिवस ३ फेब्रुवारीलाच संपतात आणि ४ तारखेला तो दावा लावून मोकळा होतो. हा दावा मुदतीआधीचा. पाच दिवसांच्या घाईमुळे थकबाकीचा अख्खा मुद्दा हातातून जाऊ शकतो. जुन्या १९४७ च्या कायद्यात नोटिशीची मुदत एक महिन्याची होती. तो नमुना डोक्यात असलेले मालक आजही ‘एका महिन्यात भरा, नाहीतर दावा’ असे लिहितात.

म्हणून नोटीस पोहोचल्याचा पुरावा हा नोटिशीइतकाच महत्त्वाचा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये पोहोचवण्याच्या रीती दिल्या आहेत : टपालाने पाठवणे, भाडेकरूच्या हातात देणे, त्याच्या राहत्या घरी कुटुंबातील व्यक्तीकडे किंवा नोकराकडे देणे आणि तेही शक्य नसेल, तर जागेच्या दर्शनी भागावर चिकटवणे. इथे ‘राहत्या घरी’ हे शब्द लक्षात घ्यावेत. दुकानातल्या गल्ल्यावरच्या पोऱ्याच्या हाती पाकीट देऊन आलो, हा पुरावा कच्चा. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली आणि दोन निळ्या खुणा आल्या, एवढ्यावर विसंबून ९० दिवस मोजणेही धोक्याचे, कारण त्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप नाही. पाठवायला हरकत नाही, पण टपाल आणि त्याची पोच हवीच. पत्ता बरोबर असताना भाडेकरूने पाकीट घ्यायला नकार दिला आणि तसा शेरा परत आला, तर नोटीस पोहोचली असेच सहसा धरले जाते. ‘घेतलीच नाही, म्हणजे मिळालीच नाही’ ही बाजारातली समजूत अनेकांना महागात पडली आहे.

भाडेकरूने भरायचे किती?

आपल्या उदाहरणातील भाडेकरूने ८ फेब्रुवारीच्या आत ८०,००० रुपये दिले आणि चालू भाडेही सुरू ठेवले, तर प्रकरण तिथेच मिटते. या टप्प्यावर कलम १५ व्याज मागत नाही. पैसे देताना ते कोणत्या महिन्यांचे आहेत हे लिहून द्यावे. बँकेतून किंवा यूपीआयने पाठवले, तरी सोबत एक पत्र असावे. महिना लिहिला नाही, तर ती रक्कम कोणत्या थकबाकीत जमा धरायची हे मालक ठरवू शकतो. थकबाकीचा आकडाच मान्य नसेल, तर जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी पाठवून उरलेल्याबद्दल लेखी उत्तर द्यावे. ‘डिपॉझिटमधून वळते करा’ हे उत्तर करारात तशी अट असेल तरच टिकण्याजोगे.

समजा त्याने काहीच केले नाही. दावा लागला आणि समन्स १८ मार्च २०२६ ला मिळाले. कायदा त्याला आणखी एक संधी देतो : समन्स मिळाल्यापासून पुन्हा ९० दिवस, म्हणजे १६ जूनपर्यंत. या मुदतीत न्यायालयात पैसे भरले, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. घोटाळा होतो तो रकमेत. भाडेकरू नोटीस काढून बघतो, त्यात ८०,००० दिसतात आणि तेवढेच भरून मोकळा होतो.

कायदा मागतो ती ‘त्या वेळी देय असलेली’ रक्कम. १ जूनला पैसे भरायचे, तर जानेवारी २०२५ ते मे २०२६ असे १७ महिने होतात, म्हणजे १,३६,००० रुपये. त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज. आठ हजारांवर ते महिन्याला १०० रुपये पडते. जानेवारीचे भाडे १६ महिने थकले, फेब्रुवारीचे १५, असे उतरत गेले की व्याजाची बेरीज ढोबळमानाने १३,६०० रुपये होते. एकूण १,४९,६०० रुपये, शिवाय न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च. ८०,००० भरणारा भाडेकरू इथे जवळजवळ सत्तर हजारांनी कमी पडतो आणि संरक्षण गमावून बसतो.

एवढ्यावरही भागत नाही. दावा निकाली निघेपर्यंत दरमहाचे भाडे न्यायालयात ‘नियमितपणे’ भरायचे असते. जुन्या कायद्यातील याच शब्दावर १९८० मध्ये मृणालिनी शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंना सूट द्यायला नकार दिला होता. तीन-चार महिन्यांचे भाडे एकदम आणून भरणे म्हणजे नियमितपणा नव्हे. दाव्याची पुढची तारीख कधी आहे, हे बघून भाडे भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हा कायदा मालकावर अन्याय करतो का?

सहा महिने थांबा आणि तेवढ्यात भाडेकरूने पैसे भरले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, अशी मालकांची तक्रार असते. जुन्या पेठेतील वाड्याच्या तळमजल्यावरील दोन-तीन गाळ्यांच्या भाड्यावर ज्यांचे घर चालते, त्यांच्या तोंडी ही तक्रार खोटी वाटत नाही. १९४७ चा कायदा इथे अधिक कडक होता. सहा महिने किंवा अधिक भाडे थकले, भाड्याच्या दराबद्दल वाद नसला आणि नोटिशीनंतर महिनाभरात पैसे आले नाहीत, तर न्यायालयाला ताब्याचा हुकूम द्यावाच लागे. नव्या कायद्याने ती तरतूद काढली.

आमच्या मते ९० दिवसांची मुदत गैर नाही. व्यापारात एक हंगाम फसला की तीन महिने लागतातच. उणीव दुसरीकडे आहे. ही सवलत भाडेकरूने किती वेळा घ्यावी, याला कलम १५ मध्ये मर्यादा नाही. दिल्लीच्या १९५८ च्या कायद्यात ती आहे. एकदा ही सवलत घेतलेल्या भाडेकरूने त्याच जागेचे भाडे पुन्हा सलग तीन महिने थकवले, तर त्याला ती दुसऱ्यांदा मिळत नाही. महाराष्ट्राने तेवढे एक वाक्य घातले असते, तर प्रामाणिक भाडेकरूचे काही बिघडले नसते आणि दर दोन वर्षांनी समन्सची वाट बघणाऱ्याची सवय मोडली असती. मालकाने स्वतःही फार थांबू नये. थकलेले भाडे दाव्याने वसूल करायला मुदत तीन वर्षांची आहे. त्याहून जुनी रक्कम नोटिशीत लिहिली, तरी वसुलीच्या हुकमात ती येत नाही.

हा सगळा हिशेब प्रत्येक दुकानाला लागू होत नाही, हेही तपासावे. महापालिकेच्या शॉपिंग सेंटरमधील गाळे या कायद्याबाहेर आहेत. तिथे महापालिका कायद्यातील वेगळी कारवाई होते. भाडेकरू बँक असेल किंवा एक कोटी वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेली कंपनी असेल, तर तिलाही कलम १५ चे संरक्षण नाही. तिथे करार संपवण्याची नोटीस खरोखरच लागते, महिन्याच्या भाडेकराराला सहसा १५ दिवसांची. नव्या संकुलांत अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले दुकान हीसुद्धा वेगळी गोष्ट. तो परवाना असतो, भाडेपट्टा नव्हे.

नोटिशीची मुदत संपली म्हणून मालकाने रात्री शटरला आपले कुलूप घातले, तर मात्र पारडे फिरते. वीज किंवा पाणी तोडणे हा याच कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. बेकायदा ताबा घेतला, तर भाडेकरू विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात त्याच्याकडे भाडे किती थकले होते, हा प्रश्न मुळात येतच नाही.