सतरा रुपये सत्तर पैशांचा हिशेब

संपादक महोदय,

'खात्यातून कापले जाणारे किरकोळ शुल्क नियमानुसारच असते, ग्राहकाने त्यावर वेळ घालवू नये,' हे आपल्या अंकातील लेखाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही. पासबुकात केवळ 'शुल्क' एवढीच नोंद असलेली १७.७० रुपयांची वजावट उलगडली, तर ती बहुधा १५ रुपये एसएमएस-सूचना शुल्क आणि त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे २.७० रुपये, अशी निघते. मात्र रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच हे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार आकारण्यास बँकांना सांगितले असल्याने, ज्या तिमाहीत एकही व्यवहार झाला नाही त्या तिमाहीची ठरावीक वजावट प्रश्नास पात्र ठरते. वार्षिक देखभाल शुल्क हे सहसा खात्याचे नसून एटीएम कार्डाचे असते आणि मूलभूत बचत खात्याच्या, म्हणजे किमान शिल्लक न लागणाऱ्या खात्याच्या, कार्डावर ते घेताच येत नाही, याचा लेखात उल्लेखही नाही.

'विचारून काही होत नाही' हेही अर्धसत्यच. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी तोंडी चौकशी काउंटरवरच विरते, हे खरे. म्हणून नोंदीची तारीख व रक्कम देऊन शुल्काचे नाव, दरपत्रकातील आधार आणि करासह परतावा लेखी मागावा व पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. दरपत्रकात असलेले आणि रीतसर कळवलेले शुल्क मात्र परत मिळत नाही.

एक वाचक,
समुद्रपूर (जि. वर्धा)