घशातील न दिसणारा गोळा



आशागड येथे किराणा व्यापार करणारे माझे एक स्नेही आहेत. बँकेतील नोकरीच्या काळापासूनचा आमचा परिचय. गेल्या दिवाळीनंतर ते भेटले तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, ‘‘साहेब, घशात सुपारीएवढे काहीतरी अडकल्यासारखे वाटते. गिळले तरी जात नाही, खाकरले तरी निघत नाही.’’ काही महिन्यांपूर्वीच त्यांचे मेहुणे अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले होते. आपलाही तोच मार्ग, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. भीतीपोटी भाकरी सोडून ते पातळ खिचडीवर राहत होते, आणि त्यामुळे वजनही उतरले होते.

मी त्यांच्यासोबत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. ‘‘शेठ, हा गोळा जास्त कधी जाणवतो?’’

‘‘रात्री दुकान बंद करून हिशेबाला बसलो की.’’

‘‘आणि जेवताना?’’

स्नेही क्षणभर थांबले. ‘‘जेवताना आठवतही नाही.’’

या उत्तरात निदानाची अर्धी दिशा होती. अन्ननलिकेत खरोखर गाठ वाढत असेल, तर बहुधा अडथळा आधी भाकरीसारख्या घन पदार्थाला होतो, पुढे मऊ भाताला आणि शेवटी पाण्यालाही. येथे सारे उलटे होते. अन्न सहज उतरत होते. अडकत होता तो केवळ कोरडा आवंढा.

असे का व्हावे? कंठमण्याच्या खाली, स्वरयंत्रामागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचे एक कडे असते. एरवी ते आवळलेले असते आणि घास येताच क्षणभर सैल पडते. मनावर ताण असला, की हे कडे अधिक आवळले जाऊ शकते. काहींच्या बाबतीत पोटातील आम्ल वर येऊनही घसा हुळहुळा होतो. घासाला वजन आणि आकार असल्याने त्याच्यासाठी कडे नीट उघडते आणि लक्षही चवीकडे जाते. थुंकी मात्र चिमूटभर. लागोपाठ चार-पाच वेळा नुसता आवंढा गिळून पाहा; निरोगी माणसालाही पुढचा आवंढा जड जातो. आमचे स्नेही ‘गोळा गेला का’ हे तपासण्यासाठी दिवसभर हेच करीत होते. गिळल्याने घसा कोरडा, कोरडेपणाने गोळ्याची जाणीव, जाणिवेने पुन्हा गिळणे, असे चक्र चालू होते. वारंवार खाकरल्यानेही घशाला इजा होऊन तेच चक्र वाढते.

हा त्रास नवा नाही. इंग्लंडमधील वैद्य जॉन पर्सेल यांनी 1707 मध्येच त्याचे वर्णन केले होते. पुढे दीर्घकाळ त्याला स्त्रियांचा मनोविकार मानले गेले. 1968 मध्ये माल्कमसन या तज्ज्ञाने तो ग्रह मोडून त्याला ‘ग्लोबस फॅरिंजियस’, म्हणजे घशातील गोळा, असे नाव दिले. रुग्ण ढोंग करीत नसतो. गोळा नसतो, पण जाणीव खरी असते.

तरीही डॉक्टरांनी केवळ ऐकून निदान केले नाही. मान हाताने चाचपली, नाकावाटे बारीक लवचिक दुर्बीण घालून घसा व स्वरयंत्र पाहिले. वजन उतरले होते म्हणून अन्ननलिकेचीही दुर्बिणीने तपासणी करवली. दोन्हीकडे दोष निघाला नाही. मग सांगितले, ते असे: खाकरणे बंद, गिळावेसे वाटले तर पाण्याचा एक घोट, जेवण आणि झोप यांत किमान तीन तास. आम्लाची गोळी, छातीत जळजळ असेल तरच आणि ठरावीक मुदतीपुरती. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी जबडा सैल सोडून हलकी जांभई द्यावी, त्यानेही कडे ढिले होते. आणि भाकरी त्याच दिवसापासून सुरू.

दोन महिन्यांत स्नेह्यांचे वजन पूर्ववत झाले. गोळा पूर्ण गेलेला नाही. उधारी थकली की आठवड्यातून एखाददा जाणवतो. हा त्रास काहींना महिनोन् महिने राहतो, पुन्हाही येतो. पण आता ते त्याला घाबरत नाहीत.

मात्र अन्न अडकणे, गिळताना दुखणे, कारणाविना वजन घटणे, तीन आठवड्यांहून अधिक आवाज बसणे, मानेत गाठ लागणे, त्रास एकाच बाजूला असणे, कानात कळ येणे किंवा थुंकीतून रक्त पडणे, यांपैकी काहीही असेल तर तो हा साधा गोळा समजू नये. तंबाखूचे सेवन करणाऱ्यांनी तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. आणि यांपैकी काही नसले, तरी एकदा दुर्बिणीने घसा पाहून घेणे हिताचे. माझ्या स्नेह्यांना ती तपासणी दोन महिने आधी झाली असती, तर खिचडीवर काढलेले ते दिवस वाचले असते.