लिव्ह, लीव्ह आणि मराठी कथेचा कान

लातूरची एक मुलगी कॉल सेंटरमध्ये शिकाऊ म्हणून दाखल होते आणि ‘लिव्ह’ व ‘लीव्ह’ या दोन इंग्रजी शब्दांतला भेद तिला हळूहळू ऐकू येऊ लागतो. असे कथाबीज हाती आले की आपला कथाकार ताबडतोब रूपकाकडे धावतो. एक शब्द राहण्याचा, दुसरा सोडून जाण्याचा. मग गाव सुटल्याचे दुःख, हरवलेली अस्मिता आणि अखेरच्या परिच्छेदात साक्षात्कार. माझा आक्षेप या घाईला आहे. कारण त्या घाईत कथेचा खरा विषय, म्हणजे कान, निसटून जातो.

या मुलीचा कान अडाणी नाही. मराठीने तो घडवलेला आहे. ‘वीट’ म्हणताना आपण दीर्घ ई उच्चारतो, ‘विटेवर’ म्हणताना ऱ्हस्व इ. पण वीट तीच राहते. ‘बहीण’ आणि ‘बहिणीला’ यांचेही तसेच. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांसारख्या मोजक्या संस्कृत जोड्या सोडल्या, तर मराठीत ही लांबी शब्दातल्या जागेवरून ठरते. तिने अर्थ बदलत नाही. म्हणून या फरकाकडे दुर्लक्ष करायला कान लहानपणीच शिकतो. तिच्या शेजारी बसलेला, घरी दखनी बोलणारा नांदेडचा मुलगा मात्र ‘पिटना’ म्हणजे मार खाणे आणि ‘पीटना’ म्हणजे मारणे हे सहज वेगळे ऐकतो. ‘मराठवाड्याचा कान’ अशी एकच वस्तू नसते, हे कथाकाराने इथेच ओळखायला हवे.

पुढे प्रशिक्षक सांगतो, ‘दुसरा शब्द लांबव.’ हा सल्ला अपुरा आहे. इंग्रजीत ‘लीफ’मधला स्वर पुढच्या फ-मुळे आखडतो आणि ‘लिव्ह’मधल्या स्वराइतकाच आखूड होऊ शकतो. खरा फरक जिभेच्या जागेचा आहे: ‘लिव्ह’मध्ये ती किंचित खाली आणि सैल असते. नुसती लांबी मोजणारी मुलगी ‘लिव्ह’ ताणते, आणि तो ताणलेला ‘लिव्ह’च राहतो.

असा भेद एका रात्रीत उमगत नाही. 1991 साली लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी श्रोत्यांना इंग्रजीतले र आणि ल ओळखायला शिकवले. अनेक आवाज, 15 बैठका आणि प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर हे कळवणे, एवढे करून अचूकता सुमारे 78 टक्क्यांवरून 86 वर गेली. वाढ खरी, पण साक्षात्कार नव्हे.

तेव्हा कथेचा शेवटही तसाच असावा. सरावातल्या आवाजात तिला भेद ऐकू येतो. हेडफोनवर अनोळखी ग्राहक बोलतो आणि ती पुन्हा चुकते. आठवड्याने थोडी कमी चुकते. ही संथ, अर्धवट कमाई जो लिहील, त्याला रूपकाची गरज पडणार नाही.