बसवून देतो!

मराठीत सर्वांत घातक वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन, "गुर्जी, बसवून देतो!" हे वाक्य टेलर म्हणतो तेव्हा फक्त पँट उसवते. फ्लेक्सवाला म्हणतो तेव्हा गाव फसते.

आमच्या लिंबागणेशला भालचंद्राच्या देवळाजवळ नेत्रतपासणीचे शिबिर होते. मागच्या वर्षीचाच फ्लेक्स वापरायचा होता. ३ फूट रुंद, ४ फूट उंच. तारखेखेरीज फक्त एक ओळ बदलायची. 'येताना चष्मा आणावा' या जागी 'येताना जुना चष्मा, आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणावी'. जुनी ओळ २२ इंच रुंद होती. नवी त्याच अक्षरात ६६ इंच भरली. दोन्हीकडचा समास सोडून जागा उरत होती ३० इंच. मी म्हणालो, "अरे, कशी मावेल?" तर पोरगा म्हणाला... ते वाक्य वर आलेच आहे.

त्याने माउसने ओळीचा कान धरला आणि डावीकडे दाबला. उंची तीच, रुंदी निम्म्याहून कमी! "बघा, अक्षर लहान केलंच नाही," असेही वर म्हणाला. आता देवनागरीत आडवे दाबले की उभे काने काडीसारखे होतात, पण शिरोरेघ जाडच्या जाड राहते. अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा मिटते. लांबून बघणाऱ्याला एक काळा दांडा आणि त्याला लटकलेली काळी झालर एवढेच दिसते.

शिबिरात वस्तीवरची एक आजी आली. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काही नाही. चालू गोळ्या कोणत्या हे कळल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनची तारीख देईनात. ती मला म्हणाली, "बाप्पा, बोर्डावर कुठं लिव्हलंय? नातवाला इचारलं, तर त्यो म्हणला, ती रेघ हाय, आजी." नातवाचे डोळे शाबूत होते. आजी आली तशी परत गेली. जी ओळ वाचू शकेल त्याला शिबिराची गरज नाही, असला फ्लेक्स आम्ही पैसे देऊन करून घेतला होता!

मी तणतणत दुकानात गेलो. शिबिराचा दुसरा दिवस बाकी होता. ओळ दोन करायची ठरली, तीही अर्थाला धरून: 'येताना जुना चष्मा, आधार कार्ड' वर आणि 'आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणावी' खाली. ३३ इंचांच्या दोन ओळी झाल्या. अक्षर सगळ्या बाजूंनी सारखेच, ३ इंचांचे २.७ केले, तेव्हा त्या ३० इंचांत बसल्या. पोरगा म्हणाला, "ओळी जवळ घेऊ." घेतल्या, तर वरच्या 'जुना'चा उकार खालच्या 'गोळ्यां'च्या मात्रेला भेटायला गेला. इंग्रजीच्या सवयीने ओळी चिकटवता येत नाहीत. आमच्या लिपीला वर वेलांट्या आणि खाली उकार असा दोन्हीकडे संसार आहे. शेवटी एका शिरोरेघेपासून दुसरीपर्यंत ३.६ इंच ठेवले.

म्हणजे ४ इंचांच्या जागी ७.२ लागले. वरचे ३.२ आणायचे कुठून? "वर गणपती, खाली शुभेच्छुकांचे फोटो. कुणाला हलवू?" पोराने विचारले. प्रश्न नाजूक होता. पण फ्लेक्सवर मजकुराचे पाच गट होते, म्हणजे मधल्या मोकळ्या जागा चार. प्रत्येकीतून ०.८ इंच घेतला. हिशेब जुळला आणि एकाही नेत्याची मिशी कापावी लागली नाही. गटांमधली जागा गटातल्या ओळींमधल्या जागेपेक्षा जास्त राहील एवढे फक्त पाहिले. नाहीतर 'सकाळी ९ वाजता' हे चिठ्ठीला चिकटते.

एक गोष्ट राहिली. जुनी ओळ डाव्या कडेने बांधलेली होती, म्हणून नवा मजकूर उजवीकडे सरकला होता. दोन्ही ओळी मिळून फ्लेक्सच्या मध्यावर पुन्हा आणल्या. त्या दोन्ही कडांना ताणून भिडवायची हौस मी मोडून काढली. ताणली की शिरोरेघ तुटते आणि 'चिठ्ठी'ची 'चि' 'ठ्ठी' होते.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा खिळे शिशाचे होते. शिसे दाबले जात नाही. जुळाऱ्याला ओळ मोडावीच लागे आणि दोन ओळींत शिशाची पट्टी घालावीच लागे. आता दाबता येते म्हणून आपण दाबतो. माझे म्हणणे एवढेच, की अक्षर पाऊणपटीखाली न्यावे लागत असेल तर शब्द कापा, अक्षरे चेपू नका. आणि छापण्याआधी पाव मापाचा नमुना भिंतीवर लावा. फ्लेक्स ४० फुटांवरून वाचायचा असेल तर १० फुटांवर उभे राहून वाचा.

दुसऱ्या दिवशी आजी चिठ्ठी घेऊन आली. नातवाला म्हणत होती, "काल रेघ म्हणत हुतास नव्हं?"