सहावी कटिंग मोफत. पण मालकाला पडते कितीला?

पाच वेळा केस कापा, सहाव्यांदा मोफत. असं कार्ड देताना सलूनमालक मोफत कटिंगचा खर्च बहुतेकदा ब्लेड-शाम्पूपुरताच धरतो. हिशेब तिथेच चुकतो.

समजा, दर २०० रुपये आहे. कारागिराचं कमिशन ८० आणि ब्लेड, शाम्पू वगैरे २० रुपये गेले की मालकाकडे १०० उरतात. बुधवारी दुपारी खुर्ची रिकामी असेल, तर मोफत कटिंग १०० रुपयांना पडते. रविवारी सकाळी मात्र ताटकळलेला एखादा ग्राहक निघून जातो. त्याच्याकडून मिळणारे १०० रुपयेही हुकतात आणि खर्च २०० वर जातो. कारागिराचं कमिशन कापणं हा उपाय नाही. मग तो मोफतवाल्याचं काम कसंबसं उरकतो.

मित्राला आणल्यास दोघांना ५०-५० रुपये सूट, या योजनेत तर पहिल्या कटिंगचे उरलेले १०० रुपये सवलतीतच संपतात. मित्र पुन्हा आला तरच कमाई. म्हणून आणणाऱ्याची सूट मित्राच्या दुसऱ्या फेरीनंतर द्यावी, मोफत कटिंग गर्दी नसलेल्या दिवशीच ठेवावी आणि दोन्ही अटी कार्डावर ठळक छापाव्यात. नाहीतर रविवारी गल्ल्यापाशी वाद ठरलेला.